अकराविरुद्ध पाच

"आकडे बोलतात" असं कोणी म्हणालं की मला त्याच्यावर खडू फेकावासा वाटतो. डहाणूच्या कॉलेजात गणित शिकवण्यात माझी उमेदीची सगळी वर्षं गेली, तेव्हा खडू फेकण्याचा हात अजून गेलेला नाही. आकडे बोलत नाहीत. त्यातून ते थोडे असले तर पोपटासारखे असतात, ज्याने पढवलं त्याचंच बोलतात. हे मी वर्गात शेकडो पोरांना शिकवलं आणि एका माणसाला शिकवू शकले नाही. त्यात एका मुलीची शाळा गेली.

निवृत्तीनंतर मी तलासरीच्या पुढे, हमरस्त्यापासून आत असलेल्या एका लहानशा वसतिगृहाचं फेसबुक पेज सांभाळायला लागले. दिवाळी झाली की तिकडच्या पाड्यांवरची माणसं कामाला बाहेर पडतात. वीटभट्ट्या, रेतीचं काम, गुजरातकडच्या बोटी. लहान पोरं बरोबर गेली की शाळा सुटते ती सुटतेच. म्हणून हे वसतिगृह. आईबाप परत येईपर्यंत मुलं तिथे राहतात, जेवतात, शेजारच्या शाळेत जातात. चालतं ते मदतीवर, आणि मदत येते ती बहुतेक मुंबई-ठाण्याच्या लोकांकडून, फोनवर काहीतरी बघून.

कामासाठी बाहेर पडण्याला तिकडे एक शब्द आहे. "कुठे गेले?" विचारलं तर म्हणतात, "जगायला गेले." मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा दिवसभर तो माझ्या डोक्यात होता. राहत्या घरी भागत नाही, जगण्यासाठी जावं लागतं, हे इतक्या साधेपणाने सांगणारा दुसरा शब्द मला प्रमाण मराठीत सापडलेला नाही.

त्या वर्षी पोस्टसाठी आम्ही पाचवीतल्या एका मुलीचा फोटो घेतला. दप्तर पोटाशी धरून पायरीवर बसलेली, कॅमेऱ्याकडे रागाने बघणारी. ती तशीच होती, कोणाला सहज हसून न दाखवणारी. भागाकार मात्र असे करायची की मला माझे अकरावीचे दिवटे आठवायचे. फोटोला तिच्या आईनेच आनंदाने हो म्हटलं होतं. भट्टीवर जायच्या आधी ती मुलीला सोडायला आली, तेव्हा म्हणाली, "काढा फोटू. पोर शिकते तं दिसू दे लोकांना."

मी फोटोखाली लिहिलं: "आईबाप जगायला गेलेत. ती शाळेसाठी थांबली आहे."

आमच्या कार्यवाहांना ते पटलं नाही. कार्यवाह म्हणजे संस्थेचा खरा गाडा ओढणारे गृहस्थ. घोलवडला त्यांची चिकूची वाडी आहे आणि संस्थेच्या बैठका तिथेच पॅकिंगच्या शेडमध्ये होतात. माणूस वाईट नाही, हे मला आधीच सांगितलं पाहिजे, कारण पुढे माझ्याकडून त्यांच्याबद्दल बरं काही लिहून होईल असं वाटत नाही. वसतिगृहाच्या भिंती त्यांनी स्वतः उभं राहून बांधून घेतल्या आहेत. पण त्यांना लिहायची हौस, आणि हौसेला औषध नाही.

"बाई, जगायला गेलेत म्हणजे काय? मुंबईवाल्याला वाटेल पिकनिकला गेले," ते म्हणाले. आणि तिथेच खोक्यांच्या मध्ये उभे राहून त्यांनी आपलं वाक्य सांगितलं: "आईवडील सोडून गेले. आता तिला तुमचाच आधार."

मी म्हणाले, "याचा अर्थ ते मेले असा होतो. नाहीतर पोरीला टाकून पळाले असा."

"सोडूनच गेलेत ना? वसतिगृहात सोडून गेलेत. खोटं काय आहे त्यात?"

खोटं काहीच नव्हतं. शब्दागणिक खरं आणि पूर्ण वाक्य खोटं, अशी ही करामत होती. मी बराच वेळ भांडले. शेवटी तेच म्हणाले की वाद कशाला, लोकांनाच विचारू. सोमवारी तुमचं टाकू, रविवारी माझं टाकू, कोणाला जास्त प्रतिसाद येतो बघू. मी म्हटलं, असं नाही चालत. रविवारी लोक घरी असतात, फोनवरच असतात, मग तुमचं वाक्य जिंकलं की रविवार जिंकला हे कसं कळणार? पेजच्या जाहिरातीत सोय असते. एकाच वेळी, एकाच फोटोसह दोन्ही वाक्यं चालवायची, बघणाऱ्यांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन भाग होतात, एका माणसाला एकच वाक्य दिसतं. आठवडाभर चालू द्यायचं, मध्ये निकाल काढायचा नाही, आणि मोजायचं फक्त एकच. "मदत करायची आहे" हे बटण किती जणांनी दाबलं.

त्यांनी सगळ्याला मान डोलावली. इतक्या लवकर मान डोलावली तेव्हाच मला ओळखायला हवं होतं.

आठवडा व्हायची वाट बघतो कोण. दिवसातून दहादा ते पेज उघडून बघत होते. सुरुवातीला माझं वाक्य एकाने पुढे होतं तेव्हा त्यांनी फोन केला नाही. मग बरोबरी झाली, तेव्हाही नाही. त्यांचं वाक्य चांगलं पुढे सरकलं त्या दुपारी त्यांनी स्वतःच जाहिरात बंद केली आणि मला फोन आला. दोन्ही बाजूंना साधारण चारशे-चारशे लोकांनी पोस्ट बघितली होती. माझ्या वाक्यावर पाच जणांनी बटण दाबलं होतं, त्यांच्यावर अकरा.

"दुपटीहून जास्त, बाई," ते म्हणाले. आवाजात उपकार केल्यासारखी नम्रता होती.

मी दुसऱ्या दिवशी घोलवडला गेले. शेडमध्ये बायका चिकू निवडत होत्या, मोठे एकीकडे, लहान एकीकडे. मी कार्यवाहांच्या हातात एक नाणं दिलं आणि म्हटलं, उडवा. बटण दाबणारे एकूण सोळा, म्हणून सोळा वेळा उडवा. छापा म्हणजे तुमचं वाक्य, काटा म्हणजे माझं. नाण्याला काही कोणाचं वाक्य आवडत नाही. पहिल्या खेपेला आठ-आठ आले, ते हसले. दुसऱ्यांदा नऊ-सात. मी त्यांना उडवत ठेवलं. बायका काम थांबवून बघायला लागल्या, त्यातली एक म्हणाली की शेठ जुगार खेळायला बसले वाटतं. मग एका खेपेला आले बारा आणि चार. पुढे आणखी एकदा पाच आणि अकरा. नुसत्या नाण्याला, वाक्य न वाचता.

"सोळा वेळा उडवलं की अकरा-पाच किंवा त्याहून जास्त झुकलेला निकाल पाच खेपांतून साधारण एकदा येतोच," मी म्हणाले. "कधी तुमच्या बाजूने, कधी माझ्या. त्यातून तुम्ही पुढे असताना खेळ बंद केलात. पुढे असताना उठून जायची मुभा असली तर जुगारात कोणीही जिंकेल. तुमचं वाक्य चांगलं असेलही, मी नाही म्हणत नाही. पण या अकरावरून ते कळत नाही."

"नाणं ते नाणं, बाई, आणि माणसं ती माणसं."

"करंडीतले दोन चिकू चाखून अख्ख्या वाडीचा भाव ठरवता का?"

"चिकू चाखूनच तर कळतो," ते म्हणाले आणि मला एक कापून दिला.

एवढं झाल्यावर त्यांनी माझी समजूत काढावी तशी एक गोष्ट कबूल केली. त्यांचं वाक्य पेजवर सगळ्यात वर चिकटवायचं, कारण मदतीचा हंगाम थांबत नाही. मला हव्या तितक्या चाचण्या मी जाहिरातीत बाजूला चालवाव्यात. मी हो म्हटलं. नाही म्हटलं असतं तरी ते चिकटणारच होतं.

पहिली चाचणी मी केली ती अशी की दोन्ही बाजूंना एकच वाक्य ठेवलं. माझंच, अक्षर न अक्षर सारखं. पुन्हा चारशे-चारशे लोक. एका बाजूला चार जणांनी बटण दाबलं, दुसऱ्या बाजूला नऊ. मला वाटलं, आता तरी. एकच वाक्य स्वतःच्या दुप्पट कसं चांगलं असेल? हा निव्वळ योगायोगाचा खेळ आहे हे आता आंधळ्यालाही दिसेल. मी आकडे घेऊन घोलवडला गेले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, चष्मा वर केला आणि विचारलं, "मग नऊवालं कुठलं? तेच ठेवू या की."

मी हसले. त्या दिवशी मला ते हसण्यासारखं वाटलं. घरी येऊन नवऱ्याला सांगितलं, तो रेल्वेत होता, तो म्हणाला की आमच्याकडे असे साहेब खूप होते आणि गाड्या तरी चालत होत्या. विषय तिथेच संपला.

मग मी दोन्ही वाक्यांची मोठी चाचणी लावली. माझा अंदाज होता की त्यांचं वाक्य खरोखरच दीडपट चालत असलं तर तो फरक खात्रीने दिसायला एकेका बाजूला पाच-सहा हजार माणसं लागतील. आमच्यासारख्या पेजला तेवढी माणसं जमवायला सगळा हंगाम पुरला नसता. ही दुसरी निराशा, आणि ती कार्यवाहांच्या हट्टामुळे नव्हती. लहान संस्थेला कुठलं वाक्य जास्त मदत आणतं हे आकड्यांवरून बहुधा कधीच कळणार नसतं. हातात येतात ते पाच, अकरा, चार, नऊ. ज्याचा शब्द चालतो तो त्यांच्यावर बोट ठेवतो आणि म्हणतो, बघा, लोकांनीच सांगितलं. शेवटी बोलतो तो त्याचाच पूर्वग्रह, फक्त लोकांच्या आवाजात. हे मला माहीत होतं, कागदावर सिद्ध करून दाखवता येत होतं, आणि त्याचा काडीइतका उपयोग नव्हता.

चाचणीसाठी ते वाक्य मलाही चालवावं लागत होतं. रोज ते डोळ्यांसमोर यायचं. आईवडील सोडून गेले. खाली अनोळखी लोक हात जोडल्याची चिन्हं टाकत होते. देव त्यांच्या आत्म्यास शांती देवो, असं एका भल्या माणसाने लिहिलं. मी ते पुसलं. कार्यवाहांना दाखवलं तर म्हणाले, "बघा, लोकांच्या मनाला भिडतंय."

जाहिरात मुंबईच्या लोकांना दिसत होती, पण पेजवर चिकटवलेली पोस्ट कोणालाही दिसत होती. वसतिगृहातून दहावी होऊन गेलेल्या मुलांकडे फोन आहेत. त्यांच्यातल्या कोणीतरी ती पोस्ट आपल्या ग्रुपवर पाठवली, आपल्या वसतिगृहाचं नाव होतंय म्हणून, अभिमानाने. आठवडे बाजाराच्या दिवशी ती मुलीच्या पाड्यावर पोहोचली. तिथे एका फोनभोवती दहा माणसं बसतात आणि ज्याला वाचता येतं तो मोठ्याने वाचतो. त्याने वाचलं. फोटो तर ओळखीचाच होता. वसतिगृहाने लिहिलंय म्हणजे त्यांना कळवलं असणार, भट्टीवर काहीतरी झालं असणार. भट्टीवर काहीतरी होणं तिकडे काही नवीन नाही.

पाड्यावर रडारड झाली. मुलीची आजी जागेवरून उठेना. आसपासचे लोक येऊन बसले, मरणाच्या घरी बसतात तसे. शेवटी मुलीच्या काकाने भट्टीच्या मुकादमाला फोन लावला आणि रडत विचारलं की माझा भाऊ कसा गेला, दोघांना कुठे ठेवलंय. मुकादमाला काही कळेना. त्याने हाक मारून फोन भावाच्याच हातात दिला.

हे सगळं मला मुलीच्या आईने सांगितलं. ती दुसऱ्या दिवशी भट्टीवरून थेट वसतिगृहात आली, अंगावर मातीचे तेच कपडे. योगायोगाने मी तिथे होते. रेक्टरबाईंनी तिला पाणी दिलं, ते तिने घेतलं नाही. ती भांडली असती तर बरं झालं असतं. ती माझ्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "बाय, आमी मेलो कवा?"

मी सांगायचा प्रयत्न केला. की तुम्ही सोडून गेलात म्हणजे इथे सोडून गेलात, असं म्हणायचं होतं. माझ्याच तोंडून कार्यवाहांची सारवासारव ऐकताना मला माझी शरम वाटली. तिने पूर्ण ऐकून घेतलं.

"मंग तसं का नाय लिवलं? जगायला गेले असं का नाय लिवलं?"

लिहिलं होतं, असं मी म्हणाले. मग ते का काढलं, असं तिने विचारलं. आता सांगायचं काय? मी म्हणाले, की दोन्ही लिहून बघितलं, आणि दुसऱ्यावर जास्त लोकांनी मदत करतो म्हणून सांगितलं.

"किती जास्त?"

"सहा," मी म्हणाले.

तिने बोटांवर मोजल्यासारखं केलं की मला तसा भास झाला, आता सांगता येत नाही. "सा माणसं," ती म्हणाली. मग ती आत गेली आणि मुलीचं सामान बांधायला लागली. मी मागे गेले, रेक्टरबाई मागे आल्या. आम्ही सांगितलं की ते वाक्य आज काढतो, फोटो काढतो, तिची शाळा सोडवू नका, वर्ष फुकट जाईल. मुलगी खाटेवर बसून होती आणि दोघींकडे आळीपाळीने बघत होती. आई म्हणाली, "माझी पोर माझ्यासंगं राहील. मंग कोन बोलंल सोडून गेले?"

त्या दोघी हमरस्त्याकडे चालत गेल्या. मुलीने दप्तर घेतलं होतं.

त्याच संध्याकाळी मी पेजवरची पोस्ट काढली आणि चाचणी बंद केली, कोणाला न विचारता. कार्यवाह रागावतील याची आता भीती नव्हती, पण ते रागावले नाहीत. फोनवर हळहळले. "ही माणसं अशीच, भावनेच्या भरात पोरांचं नुकसान करतात," असं म्हणाले. मी फोन ठेवून दिला.

पुढे मी भट्टीवर जाऊन आले. वसईच्या पुढे, हमरस्त्यावरून धुराच्या रोखाने आत. मी मुलीची पुस्तकं नेली होती, ती रेक्टरबाईंच्या कपाटात राहिली होती. ती ओल्या विटांच्या रांगेत वाकून विटा उभ्या करत होती, म्हणजे दुसरी बाजू वाळते. हे काम लहान हातांना चांगलं जमतं, म्हणून पोरांनाच देतात. तिने पुस्तकं घेतली, झोपडीत नेऊन ठेवली आणि परत रांगेत गेली. मी तिला विचारलं, किती विटा झाल्या. माझ्याशी भागाकारावरून तासन्‌तास वाद घालणारी ती मुलगी म्हणाली, "मोजल्या नाय." आई लांबून बघत होती. जवळ आली नाही, जा म्हणाली नाही. बाप चिखल तुडवत होता, त्याने मला नमस्कार केला, ते मला जास्त लागलं. परत येताना एसटीत मी रडले, आणि विवळवेढ्याला देवीच्या दर्शनाहून परतणाऱ्या बायका चढल्या त्यांनी मला जागा करून दिली, त्यांना वाटलं माझ्या घरी कोणी गेलंय.

त्यानंतर वाडीत बैठक झाली. मी शेवटचे आकडे नेले होते. जाहिरात बंद केली तोपर्यंत एकेका बाजूला दोन हजारांच्या आसपास लोक झाले होते. माझ्या वाक्यावर अठ्ठावीस जणांनी बटण दाबलं होतं, त्यांच्या वाक्यावर सव्वीस. पहिल्या आठवड्यातलं ते दुपटीहून जास्त कुठल्या कुठे विरून गेलं होतं. मी सवयीने हेही सांगितलं की याचा अर्थ माझं वाक्य जिंकलं असा नाही. दोन्ही अगदी सारखी आहेत असंही सिद्ध होत नाही, लहानसा फरक असला तर तो एवढ्या लोकांत लपून राहील. एवढंच म्हणता येईल की दुपटीचा फरक असता तर तो बहुधा दिसला असता, आणि तो दिसला नाही.

या वेळी कार्यवाहांनी पहिल्यांदाच नीट ऐकलं. कागद हातात घेऊन दोन्ही आकडे पुन्हा बघितले. बाहेर ट्रकमध्ये खोकी चढत होती. त्यांच्या चेहऱ्यावरचं ओझं उतरल्यासारखं झालं, आणि ते अगदी मनापासून म्हणाले, "म्हणजे बाई, वाक्याने काही फरक पडला नाही तर."

"एकीला पडला," मी म्हणाले.

कोणाला, ते त्यांनी विचारलं नाही.